गोल चेहरा, दोन भांग आणि अडीच सेंटीमीटरचा पफ

पार्लरमध्ये नवरीची ट्रायल असली की दहातल्या सहा मुली एकच वाक्य म्हणतात, ताई चेहरा बारीक दिसला पाहिजे. आणि मग स्वतःच उपाय पण सांगतात, बाजूने भांग काढा, वरती पफ काढा. मी पण बरीच वर्षं तेवढंच करत होते, भांग बाजूला, पफ वर, झालं. एका मुलीच्या लग्नात मला कळलं की हे दोन्ही करूनही चेहरा आधीपेक्षा रुंद दिसू शकतो, आणि का दिसतो ते शोधायला मला तीन ट्रायल आणि शंभर एक फोटो लागले. ते सगळं इथे सविस्तर लिहितेय, कारण ब्रायडल करणाऱ्या मुलींना उपयोगी पडेल आणि ज्यांचं लग्न आहे त्यांनाही ट्रायलला नेमकं काय बघायचं ते समजेल.

मुलीचा चेहरा खरोखर गोल, म्हणजे उगाच मनात घेतलेला गोल नाही. टेपने मोजलं. कपाळावर केस सुरू होतात तिथून हनुवटीपर्यंत साडेसोळा सेंटीमीटर, आणि गालाची हाडं जिथे सगळ्यात बाहेर येतात तिथे रुंदी चौदा. कपाळ बुटकं, गाल भरलेले, हनुवटी छोटी. केस सरळ, मऊ, कंबरेच्या जरा वर, आणि लहानपणापासून डावीकडून भांग, त्यामुळे तिथे केस अगदी चप्प बसलेले. उजवा गाल डाव्यापेक्षा थोडा भरलेला होता, नुसतं समोर बघून लक्षात येत नव्हतं, फोटोत येत होतं.

लग्न घरच्या पद्धतीचं. सकाळी विधी, नऊवारी, अंबाडा, गजरा, मुंडावळ्या. संध्याकाळी रिसेप्शन, केस अर्धे मोकळे. आजींचं एकच म्हणणं, विधीच्या वेळी भांग मधोमध पाहिजे, भांगात कुंकू भरायचंय. आई म्हणाल्या की आजींचं ऐकायचं. मुलगी म्हणाली, ताई मधल्या भांगात मी लाडवासारखी दिसते. मग ठरलं की सकाळी मधला, संध्याकाळी बाजूचा. त्यामुळे मला एकाच चेहऱ्यावर, एकाच दिवशी, एकाच फोटोग्राफरकडून दोन्ही बघायला मिळाले, असा योग एरवी येत नाही.

पहिली ट्रायल मी संध्याकाळच्या लुकची केली, कारण मला तो सोपा वाटला. डावीकडे खोल भांग, भुवई संपते त्याच्याही पुढे, जवळपास कानशिलाच्या रेषेत, आणि तिथून सगळे केस कपाळावरून आडवे उजवीकडे नेले, लाटेसारखे, आणि मागे छान पफ. तिने लगेच सेल्फी काढला, आई खूश, ती खूश, मी पण खूश. दोन दिवसांनी तिचा फोन. तिच्या भावाने त्याच दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून झूम करून एक फोटो काढला होता, तो पाठवला आणि म्हणाली ताई यात माझं तोंड केवढं दिसतंय बघा. आणि खरंच दिसत होतं. तीच मुलगी, तेच केस, अर्ध्या तासाच्या आतले दोन फोटो.

यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या, त्या आधी वेगळ्या कराव्या लागल्या.

पहिली कॅमेऱ्याची. सेल्फी हाताच्या अंतरावरून निघतो, पाऊण हात लांबून. एवढ्या जवळून नाक आणि चेहऱ्याचा मधला भाग कॅमेऱ्याला जवळ आणि कान बरेच मागे, म्हणून मधला भाग मोठा येतो आणि गालांच्या कडा मागे सरकून लहान होतात. चेहरा आहे त्यापेक्षा अरुंद दिसतो. लांबून झूम करून काढलं की हा फरक मिटतो, कान आणि नाक जवळजवळ एकाच मापाने येतात आणि चेहऱ्याची खरी रुंदी दिसते. लग्नातला फोटोग्राफर दोन तीन मीटरवर उभा राहून झूम लेन्स लावतो, आणि पाहुणे पण तुम्हाला तेवढ्या अंतरावरूनच बघतात. म्हणजे सेल्फी बघून पास केलेली ट्रायल अल्बमला उपयोगाची नाही. वर सेल्फी हात उंच करून काढतात, म्हणजे डोकं मोठं आणि हनुवटी लहान, पफ पण आहे त्यापेक्षा भरगच्च दिसतो.

त्या दिवसापासून मी ट्रायलला फोन ट्रायपॉडवर लावते, मागचा कॅमेरा, डोळ्याच्या उंचीवर, दोन मीटर लांब, दोन पट झूम, आणि उजेड समोरच्या खिडकीतून. खुर्ची आणि ट्रायपॉडच्या खुणा फरशीवर चिकटपट्टीने केल्यात, म्हणजे दोन ट्रायलचे फोटो खरंच शेजारी ठेवून बघता येतात. मुलींना हा फोटो आधी आवडत नाही, आणि ते साहजिक आहे, पण तोच खरा.

दुसरी गोष्ट केसांची, आणि चूक तिथे माझी होती. डोळा फक्त चेहरा मोजत नाही, तो चेहरा आणि केस मिळून जो आकार होतो त्याची बाहेरची कड बघतो आणि त्यात उंची किती नि रुंदी किती हे ताडतो. आणि त्याच वेळी आत चेहऱ्याची उघडी चौकट किती उंच आहे ते पण बघतो. मी खोल भांग काढून केस कपाळावरून आडवे नेले तेव्हा कपाळाचा वरचा दोन सेंटीमीटर भाग झाकला गेला. साडेसोळाची चौकट साडेचौदा झाली, रुंदी मात्र चौदाच राहिली. म्हणजे जवळजवळ चौरस. वर ती केसांची आडवी रेघ, नजर डावीकडून उजवीकडे फिरते, वर जातच नाही. बाजूचा भांग गोल चेहऱ्याला चांगला हे सगळे सांगतात, पण भांग जितका खोल तितके केस आडवे पडतात आणि बुटकं कपाळ आणखी बुटकं होतं, हे कुणी सांगत नाही. लांब कपाळ असलेल्या मुलीला तोच खोल भांग सुंदर दिसतो, कारण तिच्याकडे झाकायला कपाळ असतं.

पफचं काय झालं होतं तर तो मागे होता. बाजूने बघितलं तर भरपूर, चार सेंटीमीटर तरी. पण समोरच्या फोटोत तो दिसतच नव्हता. डोक्याचा माथा हा टेकडीसारखा असतो, पफ टेकडीच्या पलीकडच्या उतारावर बांधला तर समोर उभ्या माणसाला तो दिसणार कसा. पार्लरमध्ये आपण नवरीच्या मागे उभं राहून, वरून बघत काम करतो, आपल्याला तो पफ मस्त दिसत असतो. मी तरी कित्येक वर्षं तिथेच उभी राहून पफ पास केलेत.

दुसऱ्या ट्रायलला मी एकेकच गोष्ट बदलत गेले आणि प्रत्येक वेळी त्या चिकटपट्टीवरच्या खुर्चीत बसवून फोटो काढला. मुलगी बिचारी साडेतीन तास बसली. फोटो नंतर फोनमध्ये उघडून क्रॉपची चौकट डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या केसांच्या कडेपर्यंत ओढायची, आणि उंचीला रुंदीने भागायचं. एवढंच माप.

आधी नुसते केस मागे बांधून मधला भांग, वर काही नाही. माथ्यापासून हनुवटी साधारण साडेएकवीस, रुंदी केसांसकट सोळा. म्हणजे एक पूर्णांक चौतीस. मग भांग नुसता बाजूला घेतला, बाकी सगळं चप्प. माप तेच आलं, काडीचा फरक नाही. दिसायला थोडं बरं वाटत होतं, कारण भांगाची पांढरी रेघ नाकाच्या सरळ वर होती ती हलली, चेहऱ्याचे दोन सारखे गोल अर्धे दिसत होते ते मोडले. पण बारीक? नाही. नुसत्या भांगाची बाजू बदलून रुंदी कमी होत नाही, हे माझ्यासाठी त्या दिवशी पक्कं झालं. बाजूचा भांग काम करतो तो दोन कारणांनी, एक म्हणजे त्याच्यामुळे केसांचं सगळ्यात उंच टोक कुठे येणार ते ठरतं आणि दुसरं म्हणजे कुठला गाल किती झाकला जाणार ते ठरतं. ही दोन्ही कामं करून घेतली नाहीत तर भांग डावा काय नि उजवा काय.

मग उंची. केसांच्या सुरुवातीपासून साधारण सहा सेंटीमीटर मागे, म्हणजे टेकडीच्या माथ्यावर किंवा किंचित अलीकडे, तिथून बॅककोंबिंग सुरू केलं. तिचे केस मऊ, त्यामुळे आधी मुळाशी क्रिम्पिंग केलं, फक्त मुळाचे चार पाच सेंटीमीटर, वरच्या थराला हात लावला नाही कारण तो झाकायला गुळगुळीत लागतो. सेंटीमीटरभर जाडीच्या चार बटा, प्रत्येक बटेला टेल कोंबने मुळाकडे तीन चार वेळा दाबायचं, हलका स्प्रे, पुढची बट. शेवटी वरचा थर आणून कंगवा नुसता वरून फिरवायचा. समोर आरशात अडीच सेंटीमीटर उंची वाढलेली दिसली. आणि कानांच्या वरचे केस जेलने डोक्याला घट्ट चिकटवले, तिथली अर्धा सेंटीमीटर रुंदी गेली. चोवीसला साडेपंधराने भागलं तर एक पूर्णांक पंचावन्न. हा फरक डोळ्याला लगेच दिसतो, आई मागे सोफ्यावर होत्या त्या उठून आल्या.

मग मुलगी म्हणाली अजून वाढवा ना ताई. वाढवलं, चारपर्यंत नेलं. इथे उलटं झालं. तीनच्या पुढे गेलं की डोळा तो पफ डोक्याचा भाग म्हणून धरतच नाही, वर काहीतरी वेगळं ठेवलंय असं बघतो, आणि मग खालचा चेहरा परत एकटा पडतो, गोल तो गोल. शिवाय उंच पफला खाली पण रुंद पाया लागतो, तो कानांच्या वर बाहेर येतो. तिच्या डोक्याला अडीच ते तीन हीच हद्द होती. लांबोडा चेहरा असता तर मी एकच्या वर गेले नसते.

आता बाजू कुठली. तिचा उजवा गाल भरलेला, म्हणजे जड केस उजवीकडे यायला हवेत, म्हणजे भांग डावीकडे. पण डावीकडेच तिचे केस वर्षानुवर्षं चप्प बसलेले. भांग उजवीकडे काढला असता तर मुळं आपोआप उभी राहिली असती, कारण केस सवयीच्या विरुद्ध वळवले की उठतात, भोवऱ्याच्या उलट नेले की अजून उठतात, फुकटचा व्हॉल्यूम. पण मग जड केस डाव्या गालावर आणि भरलेला उजवा उघडा. मी डावीकडेच ठेवला आणि मुळं दुसऱ्या पद्धतीने उठवली. केस ओलसर असताना सगळे उजवीकडून डावीकडे, म्हणजे नेहमीच्या उलट विंचरून ड्रायरने मुळं पूर्ण वाळवली, मग थंड हवा, आणि मग भांग त्याच्या जागी पाडला. मुळं उभी राहतात आणि बाजू पण हवी तीच मिळते. मुळं अर्धवट ओली राहिली तर मात्र दहा मिनिटांत सगळं खाली बसतं.

भांगाची जागा मधल्या रेषेपासून अडीच सेंटीमीटर, डाव्या भुवईच्या कमानीच्या जरा आत, आणि रेघ सरळ मागे न नेता तिरकी भोवऱ्याकडे नेली. सरळ मागे नेली की वरून डोकं दोन भागांत चिरल्यासारखं दिसतं आणि पफ तिथे फाटतो. पुढचे केस कपाळावर न पाडता आधी वर उचलून मग उजवीकडे नेले, म्हणजे कपाळाचा वरचा कोपरा तेवढा तिरका झाकला, मधलं कपाळ पूर्ण उघडं. साडेसोळाची चौकट साडेसोळाच राहिली.

कानापुढे दोन बटा सोडल्या होत्या. पहिल्यांदा मी त्या गालाशी संपतील अशा कर्ल केल्या, शेवट बाहेर वळलेला. कर्लचा फुगा बरोबर गालाच्या सगळ्यात रुंद जागी आला आणि चेहरा परत पसरला. बट हनुवटीच्या खाली दोन बोटं संपली पाहिजे, वळण जबड्याच्या खाली यायला हवं, आणि गालाजवळ ती जवळजवळ सरळ हवी. फक्त उजवीकडची बट ठेवली, डावीकडची कानामागे घेतली.

फोटो दाखवल्यावर ती म्हणाली भांग चुकीच्या बाजूला वाटतोय. तो चुकीचा नव्हता, ती रोज स्वतःला आरशात उलटी बघते आणि मागच्या कॅमेऱ्याने सुलटी दिसली, एवढंच. फोटो उलटा करून दाखवला तेव्हा पटलं. हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर नवरी ऐनवेळी बाजू बदलायला सांगते.

सकाळचा मधला भांग जास्त अवघड गेला. मोकळ्या केसांत मधला भांग गोल चेहऱ्याला वाईट नसतो, दोन्हीकडून केस पडद्यासारखे गालांवर येतात आणि मधे उभी अरुंद फट राहते, चेहरा उलट बारीक दिसतो. पण अंबाड्यात पडदा नाही. गाल पूर्ण उघडे. आणि मधला भांग बरोबर तिथेच दरी करतो जिथे आपल्याला सगळ्यात उंच टोक हवंय, दोन्ही बाजूंना उचललं की वरून बदामासारखा आकार येतो. म्हणून भांग छोटा केला. पुढून फक्त साडेचार सेंटीमीटर, कुंकवाला तेवढा पुरतो, आणि त्याच्या मागे भांग बंद करून पफ सुरू, टोक बरोबर मधोमध. भांग रुंद झालेला होता, टाळू चमकत होती, तिथे काळी पावडर ब्रशने कडांना लावली, रेघ बारीक झाली. आजींनी जवळून बघितलं, हात फिरवला आणि म्हणाल्या, भांग आहे ना, मग बाकी तुम्ही बघा.

मुंडावळ्यांचा विचार ट्रायलला कोणी करत नाही, मी तिसऱ्या ट्रायलला मुद्दाम आणायला लावल्या. कपाळावरची आडवी लड कपाळाच्या मधे बांधली तर चेहरा तिथेच कापला जातो, खोल भांगाने जे झालं तेच पुन्हा. ती लड केसांच्या सुरुवातीला टेकवून यू पिनने पक्की केली. आणि बाजूला लोंबणाऱ्या लडी, त्या तर आपल्या बाजूच्या आहेत, गालाच्या कडेवर दोन उभ्या रेघा. त्या कानांवर न सोडता भुवईच्या टोकाच्या रेषेत, गालाच्या कडेच्या किंचित आत येतील अशा बांधल्या. मधला भांग असूनही चेहरा सुटला तो याने. गजरा अंबाड्याला गोल गुंडाळल्यावर समोरून कानांच्या बाहेर पांढरा दिसत होता, दोन्हीकडे, म्हणजे रुंदी परत वाढली. अंबाडा दोन बोटं खाली घेतला आणि गजऱ्याचा एक वेढा कमी केला.

लग्नाच्या दिवशी केस आदल्या दिवशी धुतलेले, कंडिशनर फक्त टोकांना, कारण मुळाशी लावला की बॅककोंबिंग घसरतं. पफ साडेआठला पूर्ण झाला तेव्हा मुद्दाम साडेतीन ठेवला होता. मे महिना, हॉल भरलेला, होमाची धग, दुपारी एक वाजता मोजलं तर अडीच. बरोबर जिथे हवा होता तिथे उतरला. नवरीला सकाळी तो जास्त वाटत होता आणि मला तिला तीनदा सांगावं लागलं की बसेल, थांब.

एका गोष्टीला माझ्याकडे उत्तर सापडलं नाही. विधीला नवरी पाटावर खाली बसते आणि फोटोग्राफर उभा, त्या फोटोंमध्ये पफ मोठा आणि हनुवटी हरवलेली, कितीही मोजून केलं तरी. त्याला आधी सांगून ठेवलं होतं की गुडघ्यावर बसून डोळ्याच्या उंचीवरून घ्या, त्याने जमतील तेवढे घेतले, पण होमाच्या भोवती जागाच नसते. आणि अगदी बाजूने काढलेल्या दोन तीन फोटोंत पफ कुबडासारखा दिसतो, तेही आहे. समोरून दिसणारी उंची मिळवायची तर बाजूचं थोडं सोडावं लागतं, आणि हे मी आता ट्रायलला बाजूचा फोटो काढून आधीच दाखवते.

अल्बम आल्यावर ती पार्लरला घेऊन आली. आम्ही सकाळचा आणि संध्याकाळचा समोरून काढलेला एकेक फोटो शेजारी ठेवला. मला वाटलं होतं संध्याकाळचा बाजूचा भांग जिंकेल. तिने बोट ठेवलं ते सकाळच्या, मधल्या भांगाच्या, मुंडावळ्या बांधलेल्या फोटोवर.